पैशाचा खंड आणि कष्टाचा वाटा

एकाने बारा लाख घातले, दुसऱ्याने चार लाख, आणि नफा मात्र निम्मा-निम्मा. हा न्याय कसा? भागीदारीचा हिशोब समजून घेऊ पाहणारा माणूस बहुतेक याच प्रश्नापाशी अडतो. त्याच्या मनात दोनच उत्तरे येतात. एक तर नफाही तीनास एक असा वाटायचा, किंवा 'आपलेच माणूस आहे' म्हणून असमानतेकडे डोळेझाक करायची. हिशोबाच्या शास्त्राने तिसरी वाट काढली आहे. तिचे नाव भांडवलावरील व्याज, आणि तिचीच दुसरी बाजू म्हणजे उचलीवरील व्याज. या दोन व्याजांमुळे असमान पैसा घालणारी माणसे समान भागीदार राहू शकतात, हे या प्रकरणात एकाच उदाहरणाच्या आधारे पाहू.

१. दोन भागीदार, एक कारखाना

उदाहरण रत्नागिरी परिसरातल्या काजूगराच्या लहान कारखान्याचे घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण धंद्याची रीत खरी आहे. काजूची बी मिळते ती मुख्यतः मार्च ते मे या काळात. त्याच वेळी ती विकत घ्यायची, उन्हात वाळवायची, पोत्यांत भरून ठेवायची आणि मग पावसाळाभर, पुढे दिवाळीपर्यंत थोडी थोडी वाफवून फोडायची. साधारण चार किलो बीतून एक किलोच्या आसपास गर निघतो. अख्खा गर, पाकळी, तुकडा अशी प्रतवारी होऊन तो विकला जातो. म्हणजे पैसा एप्रिल-मेमध्ये एकदम बाहेर पडतो आणि पुढचे कित्येक महिने हप्त्याहप्त्याने परत येतो. या धंद्यात भांडवल म्हणजे खरोखरच गोदामात रचून ठेवलेली पोती असतात.

पहिला भागीदार बागायतदार आहे. आंब्याच्या उत्पन्नातून साठवलेले १२ लाख रुपये त्याने १ एप्रिलला कारखान्यात घातले. दुसऱ्याला काजूचे काम येते. बी पारखणे, बायकांकडून फोडणी आणि सोलणी करून घेणे, व्यापाऱ्यांशी भाव ठरवणे हे सगळे त्याच्याकडे. त्याला कारखानीस म्हणू. त्याने ४ लाख घातले. नफा आणि तोटा दोघांत निम्मा-निम्मा, असे ठरले. वर्ष एप्रिल ते मार्च. वर्षअखेर सगळा खर्च वजा जाता ५ लाख रुपये नफा उरला.

२. काहीच लिहिले नसेल तर

आपल्याकडे भागीदारीचे नियम आधी १८७२ च्या करार कायद्यातच होते. पुढे त्यांच्यासाठी भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ हा स्वतंत्र कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९३२ पासून तो लागू झाला. भागीदारी तोंडी ठरली तरी तो ती मानतो. पण तोंडी बोलण्यात ज्या गोष्टी राहून जातात, त्या त्याच्या कलम १३ प्रमाणे ठरतात, आणि ती उत्तरे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. नफा-तोटा सारखा वाटायचा, मग भांडवल कितीही असमान असो. धंद्यात राबणाऱ्या भागीदाराला वेगळा मेहनताना नाही. भांडवलावर व्याज मागण्याचा हक्क करारातूनच येतो. करार गप्प असेल तर तो हक्कही नाही. उचलीवरील व्याजाचा तर कायद्यात उल्लेखच नाही, त्यामुळे तेही ठरल्याशिवाय आकारता येत नाही.

व्याजाचा एकच दर कायद्याने स्वतःहून दिला आहे, तो ६ टक्के. तो भांडवलासाठी नाही. ठरलेल्या भांडवलाच्या वर एखाद्या भागीदाराने संस्थेला जादा रक्कम दिली, तर त्या रकमेसाठी तो आहे. समजा एप्रिलमध्ये बी स्वस्त मिळत होती म्हणून बागायतदाराने आणखी ३ लाख चार महिन्यांसाठी दिले. त्यावर ६ टक्क्यांनी चार महिन्यांचे ६,००० रुपये व्याज होते, आणि धंदा तोट्यात गेला तरी ते देणे राहते. त्याच माणसाच्या १२ लाख भांडवलावर मात्र, काही ठरले नसेल तर, एक पैसाही व्याज नाही. कारण उघड आहे. जादा दिलेली रक्कम ही उसनवारी आहे, भांडवल ही धंद्यातली जोखीम आहे. आलेला पैसा यांपैकी कोणता, हे ज्या दिवशी तो आला त्याच दिवशी वहीत स्पष्ट लिहिले पाहिजे.

आपल्या उदाहरणात अशी जादा रक्कम आलेली नाही असे धरू. मग कायद्यावर सोडले तर ५ लाखांतून दोघांना अडीच-अडीच लाख मिळतील. बागायतदाराचे जास्तीचे ८ लाख वर्षभर कारखान्यात फुकट राबले, असा त्याचा अर्थ होतो.

३. भांडवलावरील व्याज : पैशाचा खंड

दोन शेजारी मिळून भात करतात असे समजा. एकाची जमीन तीन एकर, दुसऱ्याची एक. कष्ट दोघांचे सारखे. पीक वाटताना शहाणी माणसे काय करतील? आधी प्रत्येकाला त्याच्या जमिनीचा खंड देतील, म्हणजे जमीन दुसऱ्याला कसायला दिली असती तर जे मिळाले असते ते. मग उरलेले पीक निम्मे-निम्मे करतील. जमिनीचा मोबदला जमिनीला, कष्टाचा मोबदला कष्टाला. भांडवलावरील व्याज म्हणजे असाच पैशाचा खंड. तो आधी बाजूला काढला की मागे जे उरते त्यावर दोघांचा हक्क खरोखर सारखा असतो.

दर किती ठेवायचा? बँकेत मुदत ठेवीवर जे मिळाले असते त्याहून तो कमी असेल, तर पैसे घालणारा नुकसानीत जातो. बँकेने कर्जावर जे घेतले असते त्याहून तो बराच जास्त असेल, तर बाहेरून कर्ज काढणे बरे, असे दुसरा म्हणेल. योग्य दर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतो. प्राप्तिकर ठरवताना भागीदारांना दिलेले व्याज १२ टक्क्यांपर्यंतच संस्थेचा खर्च म्हणून धरले जाते, तेही करारात लिहिले असेल तर. म्हणून बहुतेक करारांत १२ टक्क्यांच्या वर कोणी जात नाही. आपण १० टक्के धरू. बागायतदाराचे व्याज १,२०,००० आणि कारखानीसाचे ४०,००० रुपये.

इथे पहिला आक्षेप येतो. हे तर स्वतःच स्वतःला व्याज देणे झाले, एका खिशातून दुसऱ्या खिशात. धंदा एकट्याचा असता तर हे खरे होते. भागीदारीत खिसे दोन माणसांचे असतात आणि त्यांत पडणाऱ्या रकमा असमान असतात. मात्र या आक्षेपात अर्धे सत्य आहे, आणि ते ओळखले तर पुष्कळ भांडणे टळतील. बागायतदाराला कारखानीसापेक्षा ८०,००० जास्त व्याज मिळते, पण ते वाटायच्या नफ्यातूनच जाते आणि त्या नफ्यात तो स्वतः निम्म्याचा धनी आहे. म्हणून समान वाटणीच्या तुलनेत त्याचा खरा फायदा ८०,०००चा नसून त्याच्या निम्म्याचा, ४०,०००चा आहे. हिशोब सरळ आहे. जास्तीच्या ८ लाखांपैकी अर्धे, म्हणजे ४ लाख, जणू त्याने कारखानीसाच्या वतीने धंद्यात घातले, आणि त्याचे १० टक्के व्याज त्याला मिळाले.

४. उचलीवरील व्याज : केव्हा काढले हे महत्त्वाचे

वर्षभर भागीदार घरखर्चासाठी धंद्यातून पैसे काढतात. ही उचल. ती पगार नाही, पुढे मिळणाऱ्या नफ्यातून आगाऊ घेतलेली रक्कम आहे. सामाईक कणगीतून एकाने आषाढात मणभर भात नेले आणि दुसऱ्याने कापणी झाल्यावर कार्तिकात मणभर नेले, तर माप सारखे असूनही दोघांनी सारखेच घेतले असे कोणी म्हणणार नाही. पहिल्याने टंचाईच्या दिवसांत घेतले. पैशाच्या बाबतीत हा फरक व्याजाने मोजतात.

आपल्या दोघांनीही वर्षात १,२०,००० रुपयेच उचलले. बागायतदाराने आंब्याची पट्टी हातात यायची होती म्हणून, घरच्या लग्नासाठी, १ मे रोजी सगळी रक्कम एकदम काढली. कारखानीसाने दर महिन्याच्या पहिल्या तारखेला १०,००० काढले. व्याज वर्षअखेरपर्यंत जितके महिने पैसा धंद्याबाहेर राहिला तितक्याच महिन्यांचे. १ मे ते ३१ मार्च हे अकरा महिने, म्हणून बागायतदाराला १० टक्क्यांनी ११,००० रुपये लागतात. कारखानीसाचे बारा हप्ते आहेत. एप्रिलचा हप्ता बारा महिने बाहेर राहिला आणि मार्चचा एकच महिना. पहिल्या आणि शेवटच्या हप्त्याची सरासरी साडेसहा महिने येते, आणि मधले हप्ते समान अंतराने असल्याने सगळ्यांची सरासरीही तीच. १,२०,००० वर साडेसहा महिन्यांचे व्याज ६,५०० रुपये. त्याने महिनाअखेरीस पैसे काढले असते तर सरासरी साडेपाच महिने आली असती आणि व्याज ५,५०० झाले असते.

भावाभावांत, मित्रामित्रांत असे व्याज लावणे कोतेपणाचे वाटते, असा आक्षेप असतो. पण काजूच्या धंद्यात १ मे म्हणजे बी खरेदीचा ऐन भर. त्या दिवशी सव्वा लाखाच्या आसपास रक्कम निघाली की तेवढी पोती कमी येतात किंवा तेवढे कर्ज काढावे लागते. हा बोजा दोघांवर पडतो. ११,००० रुपये हे त्या बोजाचे मोल आहे, आणि ते लागू होणार हे आधीच ठरलेले असल्याने लग्नासाठी पैसे काढायला बागायतदाराला संकोच वाटायचे कारण उरत नाही.

५. वर्षअखेरची वाटणी

आता सगळे एकत्र आणू. ५ लाख नफ्यात उचलीवरील व्याजाचे १७,५०० मिळवायचे, कारण ते भागीदारांनी संस्थेला द्यायचे आहे. झाले ५,१७,५००. त्यातून भांडवलावरील व्याजाचे १,६०,००० वजा. उरले ३,५७,५००. त्याचे दोन सारखे भाग, प्रत्येकी १,७८,७५०. हे ज्या पत्रकात मांडतात त्याला नफा-तोटा विनियोजन खाते म्हणतात. विनियोजन म्हणजे मिळालेल्या नफ्याची वासलात. नफा मिळवताना झालेला खर्च त्यात येत नाही.

| | बागायतदार | कारखानीस |
|---|---|---|
| भांडवलावरील व्याज | १,२०,००० | ४०,००० |
| नफ्याचा वाटा | १,७८,७५० | १,७८,७५० |
| वजा उचलीवरील व्याज | ११,००० | ६,५०० |
| एकूण हक्क | २,८७,७५० | २,१२,२५० |
| वजा केलेली उचल | १,२०,००० | १,२०,००० |
| चालू खात्यात शिल्लक | १,६७,७५० | ९२,२५० |

एकूण हक्काच्या ओळीची बेरीज बरोबर ५ लाख येते. ती तशी आली नाही तर कुठेतरी चूक आहे, असे समजावे. अडीच लाखांच्या तुलनेत बागायतदाराला ३७,७५० जास्त मिळाले. मागच्या नियमाने पडताळून पाहा. भांडवल व्याजातला फरक ८०,०००, त्याचे निम्मे ४०,०००. उचल व्याजातला फरक ४,५००, त्याचे निम्मे २,२५०, आणि हा फरक त्याच्या विरुद्ध. वजाबाकी ३७,७५०.

शेवटच्या ओळीत चालू खाते आले आहे, त्याचे कारण सांगितले पाहिजे. बागायतदाराचे १२ लाख आणि कारखानीसाचे ४ लाख भांडवल खात्यात जसेच्या तसे ठेवायचे आणि व्याज, नफा, उचल या सगळ्या हालचाली वेगळ्या चालू खात्यात लिहायच्या, ही स्थिर भांडवल पद्धत. ती पाळली नाही तर एक ठरावीक चूक होते. उचल भांडवलातून वजा केली जाते, मग घटलेल्या भांडवलावर व्याज काढले जाते, आणि शिवाय उचलीवरही व्याज लावले जाते. बागायतदाराचे भांडवल १२ लाखांऐवजी १०,८०,००० धरून व्याज दिले आणि वर ११,००० कापले, तर एकाच उचलीचा दंड त्याला दोनदा बसला. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. वर्षात कोणी नवे भांडवल घातले नसेल आणि काढलेही नसेल, तर भांडवलावरील व्याज वर्षाच्या सुरुवातीच्या रकमेवरचेच आले पाहिजे.

६. मग नफाच भांडवलाच्या प्रमाणात का नाही?

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. एवढी आकडेमोड करण्यापेक्षा तीनास एक वाटून टाका. तसे केले तर बागायतदाराला ३,७५,००० आणि कारखानीसाला १,२५,००० मिळतील. हे न्याय्य आहे का, हे एका वर्षाच्या आकड्यावरून कळत नाही. नफा बदलला की कळते. समजा पुढच्या वर्षी कारखानीसाने बी चांगली पारखली, अख्ख्या गराचे प्रमाण वाढले आणि नफा २ लाखांनी वाढून ७ लाख झाला. भांडवल तेवढेच आहे. वाढ पैशामुळे झाली नाही, हाताच्या कौशल्यामुळे झाली. तरी तीनास एक या रीतीने वाढीतले दीड लाख बागायतदाराकडे जातील. व्याजाच्या रीतीने पैशाचा खंड आहे तेवढाच राहतो आणि वाढीतला लाख-लाख दोघांना मिळतो. ज्या धंद्यात पैसाच सगळे काम करतो, तिथे भांडवलाच्या प्रमाणात वाटणी चालेल. जिथे पैसा आणि हात दोन्ही लागतात, तिथे दोघांचे मोबदले वेगळे मोजावे लागतात.

७. उचल की मेहनताना?

हाच तर्क पुढे नेला तर कारखानीसाच्या बाजूने प्रश्न उभा राहतो. बागायतदाराच्या पैशाला खंड मिळाला, मग रोज कारखान्यात उभे राहणाऱ्या माणसाला काय मिळाले? कायद्याने काही नाही, हे वर पाहिलेच. पण करारात 'कारखानीसास दरमहा १०,००० रुपये मेहनताना' असे लिहिलेले असेल, तर तेच दहा हजार आता उचल राहत नाहीत आणि त्यावर व्याजही नाही. हिशोब असा बदलतो. ५ लाखांतून १,२०,००० मेहनताना आणि १,६०,००० भांडवलावरील व्याज वजा, बागायतदाराच्या उचलीवरील ११,००० जमा. उरले २,३१,०००, प्रत्येकी १,१५,५००. बागायतदाराचा हक्क २,२४,५०० होतो आणि कारखानीसाचा २,७५,५००.

नफा तोच, भांडवल तेच, दर महिन्याला हातात पडलेले पैसेही तेच. एक शब्द बदलला आणि ६३,२५० रुपये एका बाजूचे दुसऱ्या बाजूला गेले. 'महिन्याला दहा हजार घेत जा' या तोंडी वाक्याचे हे दोन्ही अर्थ होऊ शकतात. बोलताना दोघांच्या मनात वेगवेगळे अर्थ असतात आणि मार्च संपेपर्यंत ते कळतही नाही.

८. वाईट वर्षाची कसोटी

आता पावसाने बी काळी पडली, भाव उतरले आणि नफा जेमतेम ८०,००० झाला असे धरा. सोपेपणासाठी उचल कोणीच केली नाही असे मानू. भांडवलावरील व्याज १,६०,००० आहे, नफा त्याच्या निम्मा. कायदा म्हणतो की हे व्याज नफ्यातूनच द्यायचे. म्हणून आहेत तेवढे ८०,००० व्याजाच्या प्रमाणात, तीनास एक, वाटले जातील. बागायतदाराला ६०,००० आणि कारखानीसाला २०,०००. निम्मे-निम्मे वाटायला काही उरत नाही. नफाच नसेल तर व्याजही नाही. ६०,००० तोटा आला तर तो सरळ ३०,००० प्रत्येकी.

पण करारात 'नफा असो वा नसो, भांडवलावर १० टक्के व्याज द्यावे' असे लिहिले असेल तर व्याज हा खर्च होतो, आणि तोटा ६०,०००चा २,२०,००० होतो. प्रत्येकाच्या वाट्याला १,१०,०००. बागायतदाराला व्याजाचे १,२०,००० मिळतात, म्हणून तोट्याच्या वर्षातही तो १०,००० कमावतो. कारखानीसाला ४०,००० मिळतात आणि तो ७०,००० गमावतो. धंद्याचा सगळा तोटा, आणि वर बागायतदाराची कमाई, हे दोन्ही कमी भांडवलवाल्याच्या अंगावर पडले.

पैशाला मोबदला मिळावा, हे या प्रकरणाचे म्हणणे आहे. पण धंद्यात घातलेला पैसा हा सावकाराचा पैसा नव्हे. पीक बुडाले तर खंडही सोडायची तयारी असते, म्हणूनच तो भागीदाराचा पैसा ठरतो. त्यामुळे करार लिहिताना व्याजाच्या दरावर घासाघीस करण्याआधी 'नफ्यातूनच' हा शब्द त्यात आहे ना, हे पाहावे. आपल्या दोघांच्या बाबतीत दर एका टक्क्याने हलला तर व्याजातला फरक ८,००० ने बदलतो, आणि प्रत्यक्षात इकडचे तिकडे होतात ४,००० रुपये. त्या एका शब्दाऐवजी 'नफा असो वा नसो' असे लिहिले गेले, तर तोट्याच्या एकाच वर्षात कारखानीसाचे आणखी ४०,००० जातात.